बोनसचे गणित : पेढीचा गुणक आणि माणसाची श्रेणी

काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या बाजूला मोठमोठी गोदामे उभी राहिली, तेव्हापासून भिवंडीच्या घराघरांत एक नवा कागद येऊ लागला आहे. मुलाला नोकरी लागते आणि नेमणुकीच्या पत्रात पगाराखाली एक ओळ असते : वार्षिक बोनस, कंपनीच्या निकालावर आणि वैयक्तिक कामगिरीवर अवलंबून. मुलगा समजतो की एवढी रक्कम मिळणारच. वर्षअखेरीस हातात वेगळाच आकडा येतो आणि घरात कोणालाच कळत नाही की तो कुठून आला. दुसरीकडे आमच्यातले काही व्यापारी बंधू आता आपल्या मेहताजींना, विक्रीच्या माणसांना असाच बोनस देऊ पाहतात. दोघांसाठी हिशेब एकच आहे. म्हणून तो आज आम्ही आकड्यांनिशी मांडत आहोत.

जुन्या दस्तुराप्रमाणे शेठ सणाला खूश होऊन जे देईल तो बोनस. देणाऱ्याची नियत चांगली असली तरी या पद्धतीत एक धोका असतो आणि मुंबईच्या गिरण्यांनी तो शंभर वर्षांपूर्वीच पाहिला. पहिल्या महायुद्धात कापडाला भाव आला, तेव्हा १९१७ साली गिरणी मालकांनी कामगारांना पगाराच्या १० टक्के युद्धबोनस दिला. पुढच्या वर्षी तो १५ टक्के झाला आणि नंतरही काही वर्षे मिळत राहिला. १९२३ चा बोनस देण्यास मालकांनी नकार दिला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला मोठा संप झाला. चौकशीसाठी मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांची समिती नेमली गेली. कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही, असे तिचे मत पडले. मालक म्हणत होते ही बक्षिशी, कामगार म्हणत होते हा हक्क, आणि कागदावर काहीच लिहिलेले नव्हते. सूत्र लिहून ठेवण्याचा पहिला फायदा हाच की, असा झगडा उभा राहत नाही.

सूत्राचे तीन भाग

आज कंपन्या वापरतात ते सूत्र दिसायला साधे आहे :

बोनस = पाया रक्कम × कंपनीचा गुणक × माणसाचा गुणक

पाया रक्कम म्हणजे सगळे काही ठरल्याप्रमाणे झाले तर मिळणारा बोनस. तो बहुधा वार्षिक पगाराच्या ठरावीक टक्क्यांत असतो. कंपनीचा गुणक हा वर्षाचा नफा ठरलेल्या लक्ष्याच्या किती जवळ गेला, त्यावरून येतो. माणसाचा गुणक त्याच्या कामाला मिळालेल्या श्रेणीवरून येतो. दोन्ही गुणक १ असतील तर पाया रक्कम जशीच्या तशी मिळते.

समजा, भिवंडीत ग्रे कापडाची एक पेढी आहे. पगारी माणसे सहा. मेहताजींना महिना ५०,००० रुपये, हिशेबनीसाला ३०,००० आणि विक्रीची दोन व माल तपासणारी दोन अशा चौघांना प्रत्येकी २५,०००. पाया रक्कम वार्षिक पगाराच्या १० टक्के ठरली. हिशेबनीसाचा वर्षाचा पगार ३,६०,००० होतो, म्हणून त्याची पाया रक्कम ३६,०००. मेहताजींची ६०,००० आणि बाकी चौघांची प्रत्येकी ३०,०००. सगळ्यांची बेरीज २,१६,००० रुपये.

पेढीने वर्षाच्या सुरुवातीला नफ्याचे लक्ष्य ४० लाख ठरवले. गुणकाचा तक्ता असा लिहिला : नफा लक्ष्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर गुणक शून्य. बरोबर ८० टक्के असेल तर ०.५. शंभर टक्के असेल तर १. १२० टक्के किंवा जास्त असेल तर १.५, त्याच्या वर नाही. मधल्या प्रत्येक टक्क्याला ०.०२५ इतका गुणक वाढतो.

श्रेणीचा तक्ता असा : सर्वांत खालच्या १ श्रेणीला शून्य, २ ला ०.६, ३ ला १, ४ ला १.२ आणि सर्वांत वरच्या ५ ला १.४. ठरलेले काम नीट झाले तर ३ श्रेणी. म्हणजे ३ हा बदनामीचा आकडा नव्हे, बरोबर काम केल्याची ती पावती आहे.

वर्ष संपले. नफा ३६ लाख झाला, म्हणजे लक्ष्याच्या ९० टक्के. ऐंशीच्या वर दहा टक्के, म्हणून गुणक ०.५ अधिक ०.२५, म्हणजे ०.७५. इथेच पहिली गैरसमजूत होते. नफा दहा टक्के कमी आला म्हणून बोनसही दहा टक्के कमी मिळेल असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात पंचवीस टक्के कमी होतो. हा उतार तक्त्यातच लिहिलेला असतो, पण तो तक्ता पत्राबरोबर क्वचितच मिळतो. आपल्या मुलाच्या कंपनीकडून पहिल्यांदा मागायचा कागद हाच.

हिशेबनीसाला श्रेणी ४ मिळाली. त्याचा बोनस ३६,००० × ०.७५ × १.२ = ३२,४०० रुपये. त्याचे काम सरासरीपेक्षा चांगले, तरी पाया रकमेपेक्षा ३,६०० कमी. श्रेणी ३ असती तर २७,००० मिळाले असते, ५ असती तर ३७,८०० आणि २ असती तर १६,२००. हेच काम त्याने पेढीला ११० टक्के नफा झालेल्या वर्षी केले असते, तर कंपनीचा गुणक १.२५ येऊन ५४,००० मिळाले असते. श्रेणी तीच, मेहनत तीच, फरक २१,६०० रुपयांचा. म्हणजे या सूत्रात पगारदार माणूस थोडासा भागीदारासारखा होतो. मात्र भागीदाराला वह्या पाहता येतात, याला येत नाहीत. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच निघतात.

उंबरठ्याची गोष्ट

तक्त्यात ८० टक्क्यांवर एक उंबरठा आहे. नफा ३२ लाख झाला तर गुणक ०.५ आणि सहा जणांचा मिळून बोनस सुमारे १,०८,०००, सगळ्यांना श्रेणी ३ धरली तर. नफा ३१ लाख ६० हजार झाला, म्हणजे ७९ टक्के, तर बोनस शून्य. चाळीस हजारांच्या फरकाने एक लाख आठ हजार येतात किंवा जातात.

अशा कड्यावर माणसाची नियत डळमळते, मग तो मालक असो की नोकर. मालकाने मार्चअखेरच्या शिल्लक मालाची किंमत थोडी कमी धरली की नफा उंबरठ्याखाली जातो. उलट, मेहताजींनी एप्रिलमध्ये जाणाऱ्या तागांचे बिल मार्चमध्ये फाडले की नफा उंबरठ्यावर येतो, आणि तोच माल एप्रिलमध्ये परत येतो. हे कसे ओळखावे? मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली बिले आणि एप्रिलमध्ये परत आलेला माल शेजारी शेजारी ठेवावा. शिल्लक माल मोजताना तपासणाऱ्या माणसाची सही घ्यावी आणि भाव लावण्याची रीत दरवर्षी एकच ठेवावी.

यावरचा खरा इलाज म्हणजे कडा काढून उतार करणे. ८० टक्क्यांवर एकदम ०.५ देण्याऐवजी ६० टक्क्यांवर शून्य आणि तिथून प्रत्येक टक्क्याला ०.०२५ वाढ, असा तक्ता केला तर ८० टक्क्यांवर ०.५ आणि १०० वर १ हेच आकडे येतात. मग चाळीस हजारांच्या फरकाने सहा जणांच्या एकूण बोनसमध्ये फक्त ५,४०० रुपयांचा फरक पडतो. एवढ्यासाठी वह्या फिरवण्याचा मोह कोणाला होत नाही. मात्र मंदीच्या वर्षीही थोडे द्यावे लागेल, हे मालकाने आधीच मान्य केले पाहिजे.

नफा म्हणजे कोणता नफा?

गुणकाचा सगळा डोलारा ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द आहे नफा. बोनस वजा करण्यापूर्वीचा की नंतरचा? मालकाचा आणि घरच्या मुलांचा पगार धरून की सोडून? गाळ्याचे भाडे घरातल्याच नावाने जात असेल तर ते खर्चात की नाही? १९५० साली गिरण्यांच्या बोनसच्या तंट्यात अपील लवादाला हाच प्रश्न सोडवावा लागला. लवादाने ठरवले की नफ्यातून आधी घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, प्राप्तिकर, भागभांडवलावर ६ टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलाच्या रूपात वापरलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी दराने परतावा बाजूला काढावा, आणि मग जे उरेल त्यात कामगारांचा वाटा असावा. कोणत्या रकमा आधी निघतील हे त्यात नावानिशी लिहिलेले होते. आपल्या पेढीच्या कागदावरही तसेच असावे. चार ओळी पुरतात.

आमच्या कापडाच्या धंद्यात आणखी एक पेच आहे. माल उधारीवर जातो. वहीत नफा मार्चमध्ये दिसतो, पैसा जून-जुलैपर्यंत येतो आणि कधी कधी येतच नाही. वहीतल्या नफ्यावर बोनस वाटला आणि पार्टी बुडाली, तर मालकाने न आलेल्या पैशावर बोनस दिला असे होते. म्हणून ठरलेल्या मुदतीपलीकडे थकलेली उधारी, उदाहरणार्थ सहा महिन्यांवरची, गुणकासाठी नफ्यातून वजा धरावी आणि पुढच्या वर्षी वसूल झाली तर त्या वर्षात मिळवावी. यात कोणाचेच नुकसान नाही, आणि विक्रीच्या माणसालाही वसुलीची आठवण राहते.

श्रेणी वाढत जाते तेव्हा

आता श्रेणीकडे वळू. वरच्या पेढीत श्रेण्या अशा पडल्या : मेहताजी ३, हिशेबनीस ४, विक्रीचा पहिला माणूस ५, दुसरा ३, तपासणारा पहिला ३, दुसरा २. प्रत्येकाच्या पाया रकमेला त्याच्या गुणकाने गुणले तर ६०,०००, ४३,२००, ४२,०००, ३०,०००, ३०,००० आणि १८,००० होतात. बेरीज २,२३,२००. कंपनीच्या ०.७५ ने गुणले की १,६७,४०० रुपये. पण मालकाने सगळ्यांची सरासरी श्रेणी ३ धरून बाजूला काढले होते २,१६,००० × ०.७५, म्हणजे १,६२,०००. पाच हजार चारशे कमी पडले.

सहा माणसांत हे किरकोळ वाटते. पण तोंडावर ३ सांगायला संकोच होतो म्हणून सगळ्यांना ४ देणारे मालक आणि साहेब पुष्कळ असतात. मग रक्कम १,९४,४०० होते आणि ३२,४०० रुपयांची तूट येते. मोठ्या कंपन्या अशा वेळी दोनपैकी एक करतात. एक तर ठरावीक टक्के माणसांनाच वरची श्रेणी देता येईल असा नियम लावतात. नाही तर सगळ्यांचा बोनस एकाच प्रमाणात कापून रक्कम जुळवतात. आपल्या उदाहरणात १,६२,००० भागिले १,६७,४००, म्हणजे साधारण ०.९६८. हिशेबनीसाचे ३२,४०० कापून सुमारे ३१,३५५ होतात.

कापणी करणे गैर नाही, पण ती आधी लिहिलेली असावी. हिशेबनीस घरी गणित करतो, ३२,४०० येतात, हातात ३१,३५५ पडतात. हजार रुपयांचे त्याला दुःख नसते. सांगितलेला हिशेब जुळत नाही याचे दुःख असते. मुलाच्या हाती आलेला आकडा पत्रातल्या सूत्राने निघत नसेल, तर बहुधा हीच कापणी मधे आलेली असते. साहेबाशी भांडण्याआधी कापणीचे प्रमाण किती होते, एवढेच विचारावे.

श्रेणी कशावर द्यायची हेही आधी ठरावे, आणि ज्याच्या हातात जे काम आहे त्यावरच ठरावे. विक्रीच्या माणसाला किती मीटर विकले यावर श्रेणी दिली, तर तो वाटेल त्या पार्टीला उधारीवर माल देईल. त्याची श्रेणी वसूल झालेल्या पैशावर आणि परत आलेल्या मालावर असावी. तपासणाऱ्याची श्रेणी त्याने पास केलेले किती तागे खराब म्हणून परत आले यावर असावी. नुसते किती तागे तपासले हे पाहिले तर घाई होते. हिशेबनीसाची श्रेणी जीएसटीची विवरणे मुदतीत गेली का, पार्ट्यांची खाती जुळली का, यावर असावी. दोन किंवा तीन गोष्टी पुरेत. त्यांची नोंद दर तिमाहीला करून माणसाला दाखवावी. मार्चमध्ये एकदम श्रेणी ठरवली तर फक्त शेवटच्या महिन्याचे काम आठवते.

मागावर मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्या कारागिराला हे सूत्र लावू नये. त्याची मजुरी आधीच कामाशी बांधलेली आहे. कमी मीटर निघाले की त्याची मजुरी घटते, आणि वर श्रेणीही घसरली तर एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा होते. त्यातही वीज गेली किंवा बीम उशिरा आले यात त्याचा कसूर नसतो.

गुणाकार की बेरीज?

गुणाकाराच्या सूत्रात एक गुणक शून्य झाला की सगळेच शून्य. पेढीचा नफा पडला तर ५ श्रेणीच्या माणसालाही काही मिळत नाही. म्हणून काही ठिकाणी दोन्ही भागांची बेरीज करतात : पाया रकमेचा अर्धा भाग कंपनीच्या गुणकाने, अर्धा माणसाच्या गुणकाने. आपल्या हिशेबनीसाचे १८,००० × ०.७५ = १३,५०० आणि १८,००० × १.२ = २१,६००. एकूण ३५,१००. पेढीचा गुणक शून्य झाला तरी त्याला २१,६०० मिळतातच.

मालकाच्या बाजूने पाहिले तर मंदीच्या वर्षीही सहा जणांना मिळून २,२३,२०० च्या अर्धे, म्हणजे १,११,६०० रुपये द्यावे लागतील. गुणाकारात वाईट वर्षाचे ओझे माणसावर जाते, बेरजेत ते बरेचसे पेढीवर राहते. आमच्या मते ज्याच्या हातात खरेदी-विक्रीचे निर्णय आहेत, त्या मेहताजींना गुणाकार लावावा. सुताचा भाव चढला आणि नफा गेला यात माल तपासणाऱ्याचा काहीच हात नसतो. त्याला बेरीज लावणे इन्साफाचे आहे. एकाच पेढीत दोन्ही चालू शकतात.

कायद्याचा बोनस वेगळा

हे सगळे गणित कायद्याच्या बोनसहून वेगळे आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने वीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांत किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस ठरवला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. आता तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. किमान आणि कमाल टक्के तेच राहिले आहेत. सरकारने ठरवलेल्या पगारमर्यादेच्या आत जो येतो आणि वर्षात निदान तीस दिवस काम करतो, त्याला हा किमान बोनस द्यावाच लागतो. नफा झाला नाही किंवा श्रेणी १ मिळाली, म्हणून तो बुडत नाही. चोरी, अफरातफर किंवा मारामारीसारख्या गुन्ह्यावरून काढलेल्या माणसाचीच गोष्ट वेगळी. तेव्हा ज्यांच्याकडे वीस माणसे भरतात, त्यांनी श्रेणीच्या तक्त्यातले शून्य अशा माणसांना लावू नये. आधी किमान बोनस द्यावा आणि सूत्र त्याच्या वरच्या रकमेला लावावे.

आणखी दोन गोष्टी कागदावर असाव्यात. वर्षाच्या मधे लागलेल्या माणसाला महिन्यांच्या प्रमाणात मिळणार का? आणि वर्ष पूर्ण करून, पण बोनस वाटण्यापूर्वी नोकरी सोडणाऱ्याला मिळणार का? बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात वाटपाच्या दिवशी नोकरीत असणे ही अट बारीक अक्षरांत असते. मार्च संपताच राजीनामा देणाऱ्या मुलाने ती ओळ आधी वाचावी. आपल्या पेढीत मात्र पूर्ण वर्षाचे काम करून गेलेल्याची रक्कम अडवू नये. ती त्याने कमावलेली असते.

सूत्र एप्रिलच्या आधी एका पानावर लिहावे : पाया टक्के, नफ्याची व्याख्या, दोन्ही तक्ते, कापणीचा नियम आणि वाटपाची तारीख. मग ते पान पेढीतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या हातात द्यावे आणि नफा ३६ लाख, श्रेणी ३ धरून त्याचा बोनस त्यालाच काढायला सांगावे. त्याचा आकडा आणि आपला आकडा एकच आला तर सूत्र लागू करायला हरकत नाही. वेगळा आला तर ते पान पुन्हा लिहावे.